फक्त ‘८५४१’ बघून कारखाना आहे की दुकान, हे ठरवू नका

माननीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

कंपनी स्वतःला उत्पादक म्हणवते आणि प्रत्यक्षात तयार माल आणून विकते, असा संशय आला की आपले अधिकारी आता तिच्या आयात घोषणापत्रांतले आणि कर विवरणांतले वस्तू-वर्गीकरणाचे कोड समोर ठेवतात. ही दिशा योग्य आहे. माझं कामच अशा नोंदी वाचण्याचं असल्यामुळे मी तिचं मनापासून स्वागत करतो. पण ज्या घाईने त्या कोडवरून निष्कर्ष काढले जात आहेत, त्यात खरा कारखानदार अडकतो आणि चतुर व्यापारी सुटतो. हे पत्र त्यासाठी आहे.

सोलर पॅनलचंच उदाहरण घेऊ. जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गीकरण पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक ती वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात. २०२१ अखेरपर्यंत सुटा सोलर सेल, सेल जोडून तयार झालेलं पॅनल आणि एलईडी, हे सगळं ८५४१.४० या एकाच कोडखाली येत होतं. १ जानेवारी २०२२ ला ते वेगळे झाले: सेल ८५४१.४२ मध्ये गेले, पॅनल ८५४१.४३ मध्ये आणि एलईडी ८५४१.४१ मध्ये. म्हणजे त्याआधीच्या वर्षांत सेल आणून पॅनल बनवणारा आणि तयार पॅनल आणून विकणारा, हे दोघं सहा अंकांवर एकसारखेच दिसतात. शिवाय देशातल्या बीजकांवर अनेकदा चारच अंक असतात. तिथे तर आजही खरेदीला ८५४१ आणि विक्रीलाही ८५४१. ‘जे घेतलं तेच विकलं, म्हणजे हा व्यापारी,’ असा शेरा मारायला एवढं पुरतं, आणि नेमका तोच शेरा चुकतो.

मग ओळखायचं कसं? कोडच्या शेजारच्या रकान्यात जे वजन लिहिलेलं असतं, ते वाचून.

साठ सेलचं जुन्या पद्धतीचं एक पॅनल घ्या. १५६ मिलिमीटर चौरस आणि ०.१८ मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा सेल सुमारे दहा ग्रॅमचा भरतो, म्हणजे साठ सेल मिळून जेमतेम सहाशे ग्रॅम. पूर्ण पॅनल मात्र अठरा-एकोणीस किलोचं असतं. उरलेल्या वजनात सर्वांत मोठा वाटा काचेचा: ३.२ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला आठ किलो भरते आणि अशा पॅनलचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर असतं, म्हणजे एका पॅनलला जवळजवळ तेरा किलो काच लागते.

आता तीन कंपन्या कल्पा. तिघींनी वर्षभरात पन्नास-पन्नास हजार पॅनल विकली आणि तिघींच्या विक्रीवर ८५४१ आहे. पहिलीने या कोडखाली सुमारे ९५० टन माल आयात केला. विकलेल्या पॅनलचं वजनही तेवढंच, तेव्हा ही तयार पॅनल आणते. दुसरीची आयात आहे फक्त ३१ टन. तीस लाख सेल आणि थोडी फुटतूट धरली की हा आकडा येतो. विक्री ९५० टनांची आणि आयात ३१ टनांची, तर मधलं वजन कुठून तरी आलंच पाहिजे. तिच्या देशी खरेदीत शोधलं की ७००७ खाली टफन्ड काच सुमारे ६४० टन, ७६०४ खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि ३९२० खाली प्लास्टिकचे पत्रे सापडतात. ही पॅनल बनवते. तिची आयात जुन्या ८५४१.४० खाली नोंदलेली असली तरी हाच हिशेब लागू पडतो, कारण कोड एक असला तरी वजन एक नसतं.

तिसरी कंपनी सर्वांत महत्त्वाची. तिने नवा कोड ८५४१.४२ लावून थोडे सेल आयात केले. सीमाशुल्काची नोंद एवढीच पाहणारा तिला उत्पादक मानेल. पण तिच्या वर्षभराच्या काचेच्या खरेदीत ४० टनच दिसतात, आणि तेवढ्या काचेत तीन हजारांच्या आसपासच पॅनल होतात. बाकीची सत्तेचाळीस हजार तिने देशातल्याच एका आयातदाराकडून ८५४१ च्या बीजकांवर घेतली. सीमाशुल्काच्या नोंदीत ही खरेदी दिसणारच नाही, कर विवरणात दिसेल. म्हणूनच दोन्ही नोंदी एकाच करदाता क्रमांकावर जोडल्याशिवाय कुणावरही शिक्का मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. दोन्ही बाजूंना काच असलेल्या पॅनलमध्ये २ मिलिमीटरच्या दोन काचा असतात. तिथे तेरा नव्हे, सोळा किलो धरावे लागतात. आयातीत वजन निव्वळ आहे की खोक्यांसकट, हे पाहावं लागतं, आणि देशी बीजकावर बहुधा नगच लिहिलेले असतात. कंपनी दुसऱ्याकडून मजुरीवर जोडणी करून घेत असेल तर काच त्या दुसऱ्याच्या खात्यावर असते. मूळ कंपनीकडे फक्त जॉबवर्कचं बिल येतं आणि ते सेवेच्या कोडखाली असतं, कारण आंतरराष्ट्रीय वस्तू-वर्गीकरणात सेवा येतच नाहीत. थेट वीज पुरवता येईल अशी रचना असलेली काही पॅनल ८५०१ खाली जातात. ८५४१ ने आणलेला माल ८५०१ ने विकला की कागदावर वस्तू बदलल्यासारखी दिसते, कारखान्यात काहीही झालेलं नसलं तरी. आणि उलट बाजूने, वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियम २(अ) प्रमाणे सुट्या भागांत आणलेली वस्तूसुद्धा पूर्ण वस्तूच्याच कोडखाली येते. सुटे भाग आणून खरोखर जोडणी करणारा इतर कितीतरी उद्योगांत केवळ या नियमामुळे व्यापारी ठरू शकतो.

कोड आयातदार स्वतः लिहितो, हेही विसरता येत नाही. कमी शुल्काचा कोड निवडण्याचा मोह असतोच. तो पकडण्याची खूण सोपी आहे: पुरवठादार तोच, मालाचं वर्णन तेच, दर किलोची किंमत तीच आणि शुल्क बदललं त्याच महिन्यात कोड बदललेला. मात्र १ जानेवारी २०२२ च्या आसपास असा बदल दिसला तर आधी वर्गीकरणाचा जुना-नवा तुलनातक्ता पाहायला हवा, कारण त्या दिवशी प्रामाणिक माणसाचाही कोड बदलला. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, तेव्हा हेच पुन्हा होईल.

माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. ज्या वस्तूंवर उत्पादक म्हणून सवलत मागितली जाते, त्यांच्या खरेदी-विक्रीच्या बीजकांवर सहा अंक आणि नगांबरोबर निव्वळ वजन सक्तीचं करा. सगळ्यांवर हा बोजा नको, सवलत घेणाऱ्यांवर पुरे. नोटीस काढण्यापूर्वी अधिकाऱ्याने आयात, देशी खरेदी आणि जॉबवर्क यांचा वजनाचा ताळा मांडावा आणि तो नोटिशीसोबत कंपनीला द्यावा, म्हणजे तिला नेमकं कशाचं उत्तर द्यायचं हे कळेल. आणि २०२२ पूर्वीच्या वर्षांसाठी केवळ ८५४१.४० वर आधारलेल्या ज्या नोटिसा आज प्रलंबित आहेत, त्या याच ताळ्याने पुन्हा तपासण्याचा आदेश आपण द्यावा.

आपला,
सीमाशुल्क आणि कर नोंदी तपासणारा एक लेखापरीक्षक