भेग रुंदावतेय का, ते मोजा

महोदय,

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. आपल्या डोंगरउतारांवर खाली कातळ आणि वर मुरूम-मातीचा थर असतो. संततधारेचे पाणी मुरत जाऊन कातळाशी अडते, मातीची पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो.

त्याआधी बऱ्याचदा घरांच्या वरच्या अंगाला उताराला आडवी भेग पडते. गवतात ती चटकन दिसत नाही, म्हणून उघडीप मिळताच दोघातिघांनी जाऊन पाहावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांतले अंतर टेपने रोज मोजावे. ते वाढत असेल किंवा खालची कड खचली असेल, तर तलाठ्यांना लगेच कळवावे आणि खालच्या घरांत रात्र काढू नये.

पाऊस कोसळत असताना मात्र वर जाऊच नये. तेव्हा ओढ्यावर लांबूनच नजर ठेवावी. पाणी एकाएकी गढूळ झाले, किंवा पाऊस असूनही आटले, तर वर काहीतरी सरकल्याची शक्यता धरून सामान न आवरता, ओढा सोडून बाजूला निघावे.

पाऊस थांबताच लोक घरी परततात, याची मला फार धास्ती वाटते. मुरलेले पाणी लगेच ओसरत नाही. दरड नंतरही येऊ शकते.

– एक वाचक, पुणे