अण्णांची ओळ आणि अकराची गोळी

राजापूर, १८ मे २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

अण्णा मंगळवारच्या रातराणीने निघतील, बुधवारी पहाटे स्वारगेटला उतरतील. बंड्या सोबत आहे. गोळ्यांची पिशवी त्याच्याकडे, वेळांचा कागद या पत्रासोबत. अकराची गोळी चुकवायची नाही. बाकी सगळं पुढे लिहितो, पण हे आधी.

आधी तुझ्या वाढदिवसाच्या कार्डांचं. गेल्या वर्षी तू फोनवर म्हणालीस, "अण्णांनी उरकून टाकल्यासारखं लिहिलंय, मुंगीएवढं." त्यावरून आपण दोघं नको तेवढं बोललो. परवा तुझा बिस्किटांचा डबा काढून सगळी कार्डं झोपाळ्यावर ओळीने मांडली. २००९ पासूनची सोळा, सगळ्यांत तेच एक वाक्य: "मनू, शेवटचा आंबा झाडावर ठेवलाय, कधी येतेस?" वाक्य बदललेलं नाही, म्हणूनच अक्षर मोजता येतं. मी फूटपट्टी घेऊन बसलो, तुझी आई हसली.

२००९ ची ओळ कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, १४ सेंटिमीटर. २०१९ पर्यंत तशीच. २०२१ ला साडेबारा. गेल्या वर्षीची ८. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गेल्या वर्षी "मनू" चांगलं सात मिलिमीटर उंच आहे आणि "येतेस" जेमतेम तीन. ओळ पुढे जाते तसं अक्षर आवळत जातं. कंटाळलेला माणूस असं लिहीत नाही, तो अक्षरं गाळतो, काना-मात्रा खातो. इथे प्रत्येक मात्रा जागेवर आहे, फक्त लहान. म्हातारपणी नुसता हात थरथरत असेल तर अक्षर उलट मोठं आणि वेडंवाकडं होतं. अण्णांना झालेल्या कंपवातात ते बारीक होतं. अण्णांचा हात लिहिताना हलतच नाही म्हटलं तरी चालेल. तो मांडीवर नुसता ठेवलेला असताना हलतो.

हे आपल्याला २०२१ लाच दिसायला हवं होतं. आपण चष्मा बदलला, मग मोतीबिंदू काढला. अक्षर तसंच. त्याच्याही आधी अण्णा आंब्याचा देठ हुंगायचे सोडून बोटाने दाबून पाहायला लागले होते, आठवतं? वास जाणं या आजारात कधीकधी हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. अढीतला कुठला आंबा आज, कुठला परवा, हे नाकाने सांगणारा माणूस, आणि आपण त्यांना चिडवत होतो. असो.

आता कारण, म्हणजे तू त्यांना "मोठं लिहा ना" म्हणून टोकणार नाहीस. सवयीची हालचाल किती मोठी करायची, हे मेंदूचा आतला भाग आपोआप ठरवतो. तिथे डोपामिन कमी पडलं की माप आखूड होतं, पण हाताला वाटतं आपण पुरेसं मोठं काढतोय. सांगितल्यावर चार शब्द मोठे येतात, मग लक्ष मजकुराकडे गेलं की पुन्हा लहान. म्हणून टोकण्यापेक्षा आखून द्यायचं. पेन्सिलीने एक-एक सेंटिमीटरवर दोन रेघा. रेघ दिसली की ते हालचाल सवयीवर न सोडता बघून करतात, आणि अक्षर रेघेला पोचतं. तुझ्या फ्लॅटच्या दारातही हेच. उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतील. ओढू नकोस, मागून ढकलू तर अजिबात नकोस, पडतील. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन-चार आडव्या रेघा मार, पावलाच्या अंतराने, आणि म्हण "ही ओलांडा."

आता गोळ्या. सात, अकरा, तीन, सात. प्रत्येक वेळी लेव्होडोपा-कार्बिडोपाची एक. जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात, आणि त्या गर्दीत औषध मागे राहतं. प्रथिनं बंद करायची नाहीत, मटकीची उसळ त्यांना आवडते, फक्त ती रात्री कर. सकाळी पोहे, भाकरी-भाजी, काहीही. गोळी लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो आणि तीन-चार तासांत जोर ओसरतो. म्हणून अकराची गोळी एकला गेली तर मधले दोन तास ते खुर्चीतून उठू शकणार नाहीत, आणि ते तुला सांगणार नाहीत. तू मीटिंगमध्ये असशील. गजर लाव. मी पण फोन करीन. रोज नाही करणार. बरं, पहिला आठवडा करीन.

विसरलीच, तर आठवताक्षणी दे. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून दे, दोन एकदम देऊ नकोस. आणि कुणीही काहीही सांगितलं तरी गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, अंग आखडून ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. घाटात उलट्या झाल्या किंवा पुढे कधी पोट बिघडलं तर उलटीच्या औषधाच्या पाकिटावर मेटोक्लोप्रमाइड असं नाव आहे का ते पाहा. असेल तर नको. ते मेंदूत डोपामिनचीच वाट अडवतं. डॉक्टरला आधी सांग, आजोबांना कंपवात आहे.

हे वाचून तुला वाटेल, बाबा परत मास्तरकी करतायत. करतोय खरा. तू सहावीत असताना गोवराच्या तापात तीन रात्री एकटी आजीची औषधं सांभाळली होतीस, वहीत वेळा लिहून. ती वही अजून आहे. तुला जमत नाही असं नाही.

गोळी लागू पडली का हे ओळखायचा एक मार्ग सांगतो, डॉक्टरांनाही आवडला. उठल्यावर सातच्या गोळीआधी त्यांच्याकडून तीच ओळ कोऱ्या कागदावर लिहून घे, आणि आठला पुन्हा. इथे आम्ही पंधरा दिवस केलं. सातला सरासरी साडेसात सेंटिमीटर, आठला दहाच्या पुढे. शेवटचा "येतेस" मात्र गोळीनंतरही थोडा आवळलेलाच राहतो, तेवढं औषधाने जात नाही. एके दिवशी आठलाही आठच सेंटिमीटर भरली. चौकशी केली तर आईने गोळीबरोबर दूध दिलं होतं. तिला बोलू नकोस. तारीख घालून कागद ठेव, जूनच्या तपासणीला ने. झोपेतून एकदम उभं करू नकोस, आधी कडेला दोन मिनिटं बसव, रक्तदाब उतरतो.

शनिवारी तुझा वाढदिवस. यंदाचं कार्ड अण्णांनी लिहिलेलं नाही. मी म्हटलं, इथेच लिहून टाका, तर म्हणाले तिथे गेल्यावर. मी म्हटलं, आता तुम्हीच जाताय, मग "कधी येतेस" काय लिहिणार? तर म्हणाले, "तेच." आंबा खरंच ठेवलाय, विहिरीकडच्या कलमावर, पाऊस आला नाही तर.

कार्ड निळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. आत रेघा आखल्यात, फिक्या, नंतर खोडरबराने जातील. लिहायला बाराला बसव, अकराच्या आधी नको.

तुझा,
बाबा