जिन्यातले लाल डाग रंगातून वर आले, आणि तुमचा सुपरवायझर म्हणतो पुन्हा कोणी थुंकलं

प्रति,
व्यवस्थापक, हाऊसकीपिंग व डीप क्लीनिंग विभाग

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. मी मनीष नगरमधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. जिन्याच्या भिंती आणि कोपऱ्यांवरचे पान-गुटख्याचे, खर्र्याचे डाग काढायचं काम तुम्ही घेतलं होतं. कोटेशनमध्ये तुमच्याच शब्दांत आहे, "डाग मुळापासून काढणे, ऑइल प्रायमर, दोन हात रंग". प्रायमरचा डबा आमच्या जिन्यात आलाच नाही, वॉचमनपासून वरच्या आजींपर्यंत कोणालाच दिसला नाही.

पहिल्या दिवशी तुमच्या पोरांनी सोड्याच्या पाण्याने भिंत घासली आणि डाग फिके व्हायच्या ऐवजी आणखी गडद लाल झाले. होणारच ना, कात आणि चुना एकत्र आले की लाल रंग उघडतो, त्यावर सोडा म्हणजे चुन्याच्याच जातीचा पदार्थ. तिथे लिंबूसत्वाचं पाणी लावून, थोडा वेळ ठेवून, ओल्या फडक्याने टिपायला पाहिजे होतं. हे मला माहीत आहे आणि धंदा तुमचा आहे.

मग त्यांनी संडास साफ करायचं ॲसिड आणलं. डिस्टेंपरच्या भिंतीवर ते फसफसलं, पुट्टी भुसभुशीत झाली, आणि ओघळ खाली कोटा स्टोनच्या पायऱ्यांवर आले. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड लागलं की पॉलिश जाते. आता प्रत्येक लँडिंगच्या कोपऱ्यात पांढरट, खरखरीत चट्टे आहेत आणि ते धुऊन जाणार नाहीत, दगड घासून पुन्हा पॉलिश करावा लागेल. त्यात एक पोरगा त्याच बादलीत ब्लीच टाकायला निघाला होता, मी ओरडून थांबवलं, ॲसिडमध्ये ब्लीच पडलं की क्लोरीन गॅस निघतो आणि आमच्या बंद जिन्यात वर-खाली लहान मुलं असतात. तुमच्या माणसांना हे कोणीच शिकवत नाही का?

त्यानंतर सरळ वरून डिस्टेंपर मारून गेले. दोन-चार दिवस छान दिसलं, मग पाऊस लागला, भिंतीत ओल धरली आणि लाल-तपकिरी डाग रंगातून वर आले, जिथे आधी होते अगदी तिथेच.

आता आजच्या फोनबद्दल. तुमचे सुपरवायझर पहिलंच वाक्य बोलले, "मॅडम, तुमच्या बिल्डिंगमधलेच लोकं पुन्हा थुंकले असतील, आम्ही काय तिथे पहारा देऊन राहिलो का?" मी शांतपणे सांगितलं की भाऊ, ताजी पिंक रंगाच्या वर बसते, तिला ओघळ असतात, शिंतोडे असतात, सुपारीचा चुरा चिकटलेला असतो आणि ओल्या फडक्याने पुसलं की फडकं लाल होते. हे डाग सपाट आहेत, धुरकट आहेत, रंगाचा थर वर जसाच्या तसा आहे. ते म्हणाले, पुसून दाखवा. मी फोन स्पीकरवर ठेवून ओलं फडकं फिरवलं, फडकं पांढरंच राहिलं, फोटो लगेच पाठवला. त्यावर म्हणतात, "मग कलर कंपनीचा प्रॉब्लेम असेल." आणि शेवटी, "आधी तुमचे खर्रेवाले आवरा, मग आम्हाला फोन करा." आणि कट! आम्ही खर्रा खाणाऱ्यांना दंड लावला आहे, कॅमेरा बसवला आहे, ते आमचं काम आम्ही करून राहिलो. तुमचं काम कोण करणार?

कातातला रंग पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्याच्या रंगाखाली तो दबत नाही, ओल्या रंगात उतरून वर येतो. त्याला ऑइल प्रायमरनेच अडवावं लागते, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर कोटेशनमध्ये लिहिलं आणि त्याचे पैसे लावले.

मला पाहिजे ते एवढंच. भिंत वाळू द्या, डागाची जागा पत्रीने खरवडून भुसभुशीत पुट्टी काढा, नवीन पुट्टी पूर्ण वाळल्यावर ऑइल प्रायमर मारा, तो रात्रभर सुकू द्या आणि मगच रंग. डबा उघडताना मी समोर उभी राहीन. कोटा स्टोनची पॉलिश तुमच्या खर्चाने, कारण ॲसिड तुम्ही ओतलं, हे मी पुन्हा सांगते, कारण फोनवर या पायऱ्यांबद्दल तुमच्याकडे कोणी एक शब्द ऐकून घेतला नाही.

उरलेला चेक माझ्याकडेच आहे आणि काम होईस्तोवर तो निघणार नाही. या आठवड्यात माणूस आला नाही तर 1915 वर तक्रार टाकते आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाते, कोटेशन, फडक्याचा फोटो आणि चट्ट्यांचे फोटो सगळं तयार आहे. बाजूच्या दोन सोसायट्यांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं, त्यांना आज संध्याकाळी आमचा जिना दाखवायला बोलावलं आहे.

सेक्रेटरी, सोसायटीच्या वतीने