त्या नेपाळी पोरीच्या अर्जाचं खरं काय ते

काठमांडू

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. टीव्हीवर भूकंपाची बातमी आली की लगेच फोन लावत जाऊ नकोस. परवाचा धक्का मला कळलासुद्धा नाही. जेवणाचं विचारू नकोस, वजन वाढलंय.

आता दुसरी गोष्ट. मी रात्री बारापर्यंत एका नेपाळी पोरीबरोबर कागद लिहीत बसतो, असं दादानं तुला सांगितलं म्हणे. आई, ती आमच्या हॉटेलच्या हाउसकीपिंगमधली रूम अटेंडंट आहे. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. लग्न झालंय, सहा वर्षांचा मुलगा गावी सासूजवळ असतो. मला 'दाइ' म्हणते, म्हणजे दादा. तिला कतारमधल्या हॉटेलात नोकरी हवी आहे आणि इथल्या मेनपावरवाल्यांनी (म्हणजे परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटांनी) तिच्याकडून नेपाळीत पत्र मागितलंय. लिपी आपलीच, म्हणून माझ्याकडे आली. एवढंच.

इथली अर्जाची तऱ्हा मात्र तुला सांगायलाच हवी. इथं शाळेपासून निवेदन शिकवतात. वर 'श्रीमान् प्रबन्धकज्यू', मग विषय, मग जिल्हा, पालिका, वॉर्ड नंबर, बाप-आजाची नावं, आणि मग गरिबी. 'मेरो आर्थिक अवस्था कमजोर भएकाले' हे वाक्य आलं नाही तर अर्ज अपुरा वाटतो त्यांना. शेवटी डाव्या-उजव्या अंगठ्याचे ठसे उमटवायलाही ती तयार होती. सरकारी कचेरीत हे चालतं, तिथं वर दहा रुपयांचं तिकीटही चिकटवतात. पण दोह्याच्या हॉटेलमॅनेजरला तिच्या आजोबांचं नाव घेऊन काय करायचंय? त्याला एकच कळायला हवं, ही पोरगी एका पाळीत किती खोल्या लावते.

म्हणून गरिबी काढली आणि हे घातलं: 'म एक सिफ्टमा 14 वटा कोठा तयार गर्छु, जसमा चेक-आउट भएका 6 र पाहुना बसिरहेका 8 कोठा पर्छन्।' म्हणजे एका पाळीत चौदा खोल्या, सहा पाहुणा गेलेल्या आणि आठ पाहुणा राहत असलेल्या. ती म्हणाली, वीस लिहू या, भारी दिसेल. मी हिशेब मांडून दाखवला. पाहुणा गेलेली खोली नीट करायला चाळीस मिनिटं, राहत असलेल्याची पंचवीस. सहा चाळिसा 240 आणि आठ पंचविसा 200, म्हणजे 440 मिनिटं. आठ तासांत उरली चाळीस, ती ट्रॉली भरण्यात जातात. मुलाखत घेणारा हॉटेलातलाच असेल तर वीस ऐकल्याबरोबर हसेल.

जन्मतारखेचाही घोळ होता. नागरिकतेच्या दाखल्यावर विक्रम संवताची, माघ 2055. तिनं सत्तावन्न वजा करून 1998 लिहिलं. पण संवत एप्रिलच्या मध्याला बदलतो, त्यामुळे माघ पडतो पुढच्या इंग्रजी सालात: 1999. पासपोर्टवर तेच आहे. दोन कागदांवर दोन सालं दिसली की पत्र बाजूला पडतं. जाहिरातीतला लट नंबर, म्हणजे त्या भरतीच्या मंजुरीचा क्रमांक, तोही घातला, आणि पदाचं नाव अक्षरशः जाहिरातीतलं. तिथं क्लिनर असेल तर आपण रूम अटेंडंट लिहून उपयोग नाही. करार आणि श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाचा सरकारी परवाना, त्याच नावानं निघतात.

एका वाक्यावरून मात्र वाद झाला. तिनं लिहिलं होतं, 'जुनसुकै खर्च व्यहोर्न तयार छु', म्हणजे लागेल तो खर्च सोसायला तयार. मी खोडलं. इथल्या सरकारचा 2015 पासूनचा नियम आहे की आखाती देश आणि मलेशिया यांच्यासाठी व्हिसा-तिकिटाचा खर्च मालकाचा. मेनपावरनं घ्यायचेच तर फार तर दहा हजार नेपाळी रुपये. तरी लोक लाखभर मोजतात, गावच्या सावकाराकडून काढून. आपणहून लिहून दिलं तर मागणाऱ्याला कशाला लाज वाटेल? ती गप्प बसली. नवऱ्यानं कर्ज आधीच बोलून ठेवलंय, असं मला वाटतं. मी विचारलं नाही.

तर हे असं आहे. दादाला वाचून दाखव.

या महिन्यात चाळीस हजार टाकलेत. ते आपले रुपये, इथले चौसष्ट हजार होतात, म्हणून स्लिप बघून दचकू नकोस. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करून घ्या, पत्र्याचं नंतर बघू. दिवाळीला येणं जमत नाही. दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या सुमारास, सगळी नेपाळी मंडळी गावी जातात आणि नेमका तेव्हाच ट्रेकिंगवाल्यांचा हंगाम, मग आमच्यासारखेच उरतात. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, मला आठवतंय. फराळ पाठवू नकोस, इथं सगळं मिळतं. चकल्या पाठवल्यास तर थोड्याच पाठव.

वाईच्या स्थळाला नाही म्हणू नकोस. फोटो पाहिला, मला काही अडचण नाही. फक्त पगाराचा आकडा सांगताना नेपाळी सांगू नका, आपल्या रुपयांत सांगा, आणि मुलीला इथं राहायला चालेल का ते तिलाच विचारा, तिच्या मामाला नको. मार्गशीर्षात आठ दिवस सुट्टी मागितली आहे.

तुझा,
धाकटा