अण्णांना लिहायच्या पत्राबद्दल

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज आणि तू अण्णांना लिहिलेल्या पत्राच्या तीन पानांचे फोटो मिळाले, दोनदा वाचले, मग रात्री जेवून झाल्यावर परत एकदा सावकाश वाचले. तू म्हणालास नुसतं शुद्धलेखन बघ आणि जरा नीट करून दे, पण शुद्धलेखन ठीकच आहे रे, अडचण वेगळीच आहे आणि ती फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून हे सगळं लिहितोय. अण्णांना मी लहानपणापासून बघतोय, तुमच्या पडवीत बसून कितीतरी वेळा जेवलोय, त्यामुळे हे पत्र हातात घेतल्यावर ते काय करतील ते मला डोळ्यासमोर दिसतं. पहिल्या चार ओळी वाचतील, चष्मा काढतील, आणि घडी घालून काकूंकडे देतील, "घे, तुझ्या झिलान काय लिवलाहा बघ." म्हणजे पुढचं सगळं काकू मोठ्याने वाचणार आणि अण्णा तोपर्यंत मागच्या दारी निघून गेलेले असणार.

म्हणून पहिली गोष्ट ही की पत्र असं पाहिजे जे पडवीत मोठ्याने वाचलं गेलं, शेजारचं कोणी बसलेलं असलं, तरी अण्णांना उठून जावंसं वाटणार नाही. तुझा मसुदा सुरू होतो "माझ्या प्रिय अण्णा, आज मनातलं सगळं सांगणार आहे" असा. जो माणूस आयुष्यभर कमी बोलला त्याला असं आधीच बजावलं की तो सावध होतो. नेहमीसारखं "ती. अण्णांस, सा. न. वि. वि." असंच लिही. तू होस्टेलवरून पत्रं पाठवायचास तेव्हा तेच लिहायचास, ती सुरुवात त्यांच्या ओळखीची आहे.

दुसरं म्हणजे तुझ्या पत्रात एक तक्रार लपलेली आहे, तुला बहुतेक ती दिसलीच नसेल. हे वाक्य बघ, "तुम्ही कधी जवळ घेऊन बोलला नाहीत, कौतुक केलं नाहीत, पण मला माहीत आहे तुमचं माझ्यावर प्रेम आहे." तुला वाटतं वजन "पण"च्या पुढे आहे. अण्णांसाठी वाक्य "पण"च्या आधीच संपतं, त्यांना एवढंच ऐकू येणार की मुलगा म्हणतोय मी कधी जवळ घेतलं नाही. पत्रातल्या प्रत्येक "पण"च्या पुढचं बोटाने झाकून बघ, उरलेलं एकटं वाचवतं का. तुझ्या तीन पानांत अशा पाच जागा आहेत, मी त्या फोटोंवरच खुणा करून परत पाठवलेत. ती पाचही वाक्यं काढली तरी पत्राचं काही बिघडत नाही.

आणि ते "आईने सांगितलं की मी पुण्याला निघालो त्या रात्री तुम्ही रडलात" हे तर अजिबात नको. मला माहितीये तुझ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, तू माझ्याकडे बोललायस ती. पण अण्णांनी ते लपवलं होतं आणि काकूंनी विश्वासाने तुला सांगितलं होतं, ते पत्रात आलं तर अण्णांना लाज वाटेल आणि काकूंना बोल लागेल. ते तुझ्याजवळ राहू दे.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या पानावर अगदी खाली, अर्ध्या ओळीत तू लिहिलंयस, "तौक्तेच्या वेळी तुम्ही सड्यावर जाऊन फोन केलात तेही आठवतं." अरे हेच तर पत्र आहे! बाकीच्या तीन पानांत "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत, खूप कष्ट घेतलेत, तुमचे उपकार" वगैरे आहे, आणि ते कुठल्याही मुलाने कुठल्याही बापाला लिहिलेलं असू शकतं. ते वाचून अण्णा म्हणणार, "ता सगळेच करतत." सड्यावरचा फोन मात्र फक्त त्यांनी केला. २०२१ च्या मे महिन्यात वादळ देवगडच्या किनाऱ्याजवळून गेलं, लाईट गेली, टॉवर बंद, तू पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकलेला आणि घरचा फोन लागत नव्हता, तेव्हा तू मला रात्रभर मेसेज करत होतास ते मला आठवतंय. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून त्यांचा फोन आला, "झाडां पडली, माणसां बरी आसत, तू येव नको, रस्तो बंद आसा," आणि कट. त्या फोनसाठी हा माणूस पडलेल्या झाडांतून वाट काढत, गुडघा दुखत असताना सडा चढून गेला होता, वर रेंज मिळते म्हणून, आणि कोणाचातरी फोन मागून घेतला होता. हे तुला नंतर कळलं. कोणाकडून कळलं ते लिहू नकोस, नुसतं "नंतर कळलं" पुरे.

हे लिहिताना त्यांनी काय केलं तेवढंच लिही, ते कसे आहेत ते लिहू नकोस. "तुम्ही किती महान" म्हटलं की ते मान हलवून नाही म्हणतील, "तुम्ही सडा चढून गेलात" म्हटलं तर नाही म्हणता येत नाही कारण ते गेलेच होते. आणि त्यानंतर तुझ्या मनातलं एक वाक्य, एकच, आणि लगेच पुढे कामाचं बोलणं. त्या वाक्यानंतर परिच्छेद संपवू नकोस, कारण तिथे थांबलास तर ते वाक्य त्यांच्याकडे टक लावून बघत बसेल. अण्णा घरी कसे बोलतात आठव ना, तुझी चौकशी करायची असली की एसटी वेळेवर होती का विचारतात आणि लगेच सुपारीच्या भावावर जातात. पत्रही त्याच चालीने गेलं की त्यांना आपलं वाटेल.

शेवटी तू लिहिलंयस, "तुम्हालाही काय वाटतं ते एकदा तरी सांगा." हे नको रे. याचं उत्तर त्यांना देता येणार नाही आणि उत्तर देता आलं नाही ही गोष्ट त्यांच्या मनात राहील. त्याऐवजी असं काहीतरी विचार ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे. वादळात पडलेल्या हापूसच्या जागी त्यांनी त्याच पावसाळ्यात नवीन कलमं लावली होती, सुरुवातीची वर्षं मोहोर खुडून टाकला झाडं धरावीत म्हणून, आता ती पाचेक वर्षांची झाली, यंदा फळ ठेवलं असणार. त्याबद्दल विचार. त्यावर ते अर्धा तास बोलतील, आणि त्यांचं उत्तर तेच असेल.

तर मी असं लिहिलंय. जिथे तुझे शब्द चांगले होते तिथे तेच ठेवलेत.

"ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत. पेट्या मिळाल्या. आंबा अढीतून काढून दोन दिवसांत पिकला, एकही खराब निघाला नाही. मुलांनी तुम्ही पेटीवर नाव घातलेला पुठ्ठा कापून ठेवलाय.

परवा इथे जोराचा वारा सुटला आणि मला तौक्तेची आठवण आली. रात्रभर घरचा फोन लागत नव्हता. मग तुमचा फोन आला, झाडं पडली, माणसं बरी आहेत, एवढंच बोललात. त्या फोनसाठी तुम्ही पडलेल्या झाडांतून सडा चढून गेला होतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मी काही बोललो नाही. तो फोन आला नसता तर त्या दिवशी माझं काय झालं असतं मला माहीत नाही, आणि आता माझी मुलं उशिरा घरी आली की मला तुमचा तो फोन आठवतो. त्या वर्षी लावलेल्या कलमांना यंदा फळ ठेवलंत का? विहिरीकडच्या दोन झाडांची वाढ कमी होती, त्यांना या वर्षी वेगळं खत घालायचं का ते कळवा.

पाऊस लागायच्या आधी मी चार दिवस येतोय. आळी खणून खत घालायचं काम मी आलो की करू, गड्याला सांगू नका. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आईला सांगून ठेवा, येताना आणतो.

आईस नमस्कार.

तुमचा,
सुधीर"

बस, एवढंच. वाचून तुला वाटेल हे फारच कमी झालं, मनातलं काहीच आलं नाही. मग असं कर, "तो फोन आला नसता तर" हे वाक्य काढून उरलेलं वाच. ते काढलं की हे पत्र खताच्या दुकानदारालाही पाठवता येईल असं होतं, म्हणजे सगळं पत्र त्या एका वाक्यावर उभं आहे, त्याला हात लावू नकोस. आणि अजून एखादं तसं वाक्य घालायचा मोह झाला तर घालू नकोस, दोन झाली की ते परत चष्मा काढतील. "आता माझी मुलं उशिरा घरी आली की" हा तुकडा मी तुझ्या दुसऱ्या पानावरून उचललाय, तिथे तू "बाप झाल्यावर बापाची किंमत कळते" असं लिहिलं होतंस, ते सगळेच म्हणतात, पण त्याखाली मुलांच्या उशिराचं लिहिलं होतंस ते तुझं स्वतःचं होतं.

हे टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस. तिथे दोन निळ्या टिका दिसतात आणि मग तू उत्तराची वाट बघत बसशील, आणि त्यांनाही कळेल की तू वाट बघतोयस. पोस्टातून आंतरदेशीय पत्र आण, अजून अडीच रुपयांना मिळतं, त्यात जागाच एवढी असते की तुला तीन पानं लिहिता येणार नाहीत. हाताने लिही, अक्षर जरा मोठं काढ, निळ्या पेनने नको, त्या निळसर कागदावर त्यांना लागत नाही. खाडाखोड झाली तर राहू दे.

आणि पत्र पोचल्यावर फोन करून "मिळालं का, वाचलं का" विचारू नकोस. काकूंनाही विचारू नकोस. ते स्वतःहून कलमांचं बोलले तर बोल, नाही बोलले तर तू जाशील तेव्हा विहिरीकडची झाडं दाखवायला तुला घेऊन जातीलच.

ओरिजिनल तीन पानं मात्र फाडू नकोस, तुझ्याकडे ठेव. शनिवारी मी मोकळा आहे, लिहून झालं की फोटो पाठव, एकदा नजर टाकतो. आणि जूनच्या आधी खरंच जाणार असशील तर मला तारीख सांग, मीही रजा टाकतो, आळी खणायला दोघं असलो तर एका दिवसात उरकेल.

वहिनींना आणि मुलांना माझी आठवण सांग.

तुझाच,
नंदू