प्लीहा काढलेल्या माणसाचा ताप

मा. संपादक,
स. न.

अपघातात पोटाला मार लागून प्लीहा, म्हणजे पानथरी, फाटली, तर रक्तस्राव थांबवण्यासाठी ती कधीकधी काढावी लागते. रुग्ण वाचतो, टाके निघतात आणि घरच्यांच्या लेखी विषय संपतो. खरा धोका मात्र तिथून पुढे सुरू होतो.

न्यूमोकोकससारख्या काही जिवाणूंभोवती जाड आवरण असतं. ते पांढऱ्या पेशींच्या तावडीत सहज सापडत नाहीत. त्यांना रक्तातून वेचून काढण्याचं काम मुख्यतः प्लीहेचं. ती नसली की हे जिवाणू रक्तात झपाट्याने वाढतात.

समजा, चार वर्षांपूर्वी प्लीहा काढलेल्या तिशीतल्या माणसाला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. अंग दुखतंय, एक उलटी झाली. साधा फ्लू समजून तो पॅरासिटामॉल घेऊन झोपतो. पहाटे हातपाय गार पडलेले, बोलणं असंबद्ध, कातडीवर जांभळे डाग. रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तदाब पार खाली गेलेला असतो. पहिल्या तापापासून 24 ते 48 तासांत मृत्यू ओढवू शकतो. पहिली दोन-तीन वर्षं धोका सर्वाधिक असतो, पण तो जन्मभर पूर्णपणे टळत नाही.

म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तिन्ही जिवाणूंविरुद्धच्या लसी हव्यात, शिवाय दरवर्षी फ्लूची. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर लसी किमान दोन आठवडे आधी द्याव्यात. तातडीची असेल तर साधारण दोन आठवड्यांनी, कारण त्याआधी शरीराचा प्रतिसाद कमी पडतो. नेमकी इथेच गफलत होते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि लस कोणी, कधी द्यायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलंच नसतं! ज्यांच्याकडे असं कार्ड असेल त्यांनी ते आजच डॉक्टरांना दाखवावं. लस राहून गेली असेल तर कितीही वर्षांनी घेता येते. काहींचे बूस्टरही लागतात.

लस घेतली तरी जिवाणूंचे सगळे प्रकार तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून घरात आणि प्रवासातही अँटिबायोटिकचा तातडीचा डोस जवळ हवा. बहुधा अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं औषध ठरवून देतात. ताप किंवा थंडी वाजू लागताच पहिला डोस घ्यायचा आणि लगेच रुग्णालय गाठायचं. डोस घेऊन घरी वाट बघत बसणं घातक, कारण शिरेतून औषध देण्याची गरज त्याने टळत नाही. थोडा वेळ हाती लागतो इतकंच. रुग्णालयात पाऊल टाकताच पहिलं वाक्य हेच असावं : 'माझी प्लीहा काढलेली आहे.' तापात शुद्ध हरपू शकते, म्हणून तसं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवावं.

कुत्रा चावला, तर जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रेबीजची लस तर हवीच. पण कुत्र्याच्या लाळेतला एक जिवाणू प्लीहा नसलेल्यांच्या रक्तात असाच पसरतो आणि त्यासाठी अँटिबायोटिक वेगळं घ्यावं लागतं.

आपला,
एक फिजिशियन