'फोन तिथे गेल्यावर घ्या' या सल्ल्याबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी आपल्या पुरवणीत लेखमाला चालू आहे. तिच्या गेल्या भागात 'फोन तिथे गेल्यावर घ्या, स्वस्त पडतो' असं एक वाक्य आहे. बाकीचा लेख उपयोगाचा आहे, पण या एका वाक्याने मुलं अडचणीत येतील, म्हणून हे पत्र. माझं कुडाळला मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. गणपतीत मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर परदेशातली माणसंही घरी येतात आणि त्या दिवसांत एक तरी फोन काउंटरवर येतोच. "नवो कोरो फोन आसा, पण सिम घेणा नाय." फोन बिघडलेला नसतो. तो लॉक असतो.

तिथली मोबाईल कंपनी फोन स्वस्तात किंवा हप्त्यावर देते आणि त्यात फक्त आपलंच सिम चालेल असं करून ठेवते. प्रत्येक सिममध्ये एक क्रमांक साठवलेला असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन-तीन कंपनीचे. आपल्याकडच्या सिमची सुरुवात 404 किंवा 405 ने होते, अमेरिकेतल्या सिमची 310 किंवा त्यापुढच्या आकड्यांनी. लॉक फोन हे आकडे वाचतो आणि जुळले नाहीत तर सिम नाकारतो. लोकांची चूक होते ती इथेच. त्यांना वाटतं, आपलं भारताचं सिम रोमिंगमध्ये त्याच कंपनीच्या टॉवरवर चालणार, मग अडचण कसली? पण फोन टॉवर बघत नाही, सिम कुणी दिलं ते बघतो.

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अमेरिकेला एम.एस.ला गेला. नवीन माणसाची तिथे कर्ज फेडल्याची काही नोंद नसते, त्यामुळे हप्त्यावर फोन मिळणं कठीण. त्याने प्रीपेडचा लॉक फोन घेतला, 60 डॉलरला. तशाच अनलॉक फोनला 180 पडत होते. स्वस्त वाटला. पण त्या कंपनीचा प्लॅन महिना 50 डॉलरचा होता आणि वर्गातली मुलं दुसऱ्या छोट्या कंपनीचा 25 डॉलरचा प्लॅन वापरत होती. तो घेता येईना, कारण ते सिमच फोन स्वीकारत नव्हता. सहा महिन्यांचा हिशोब मी नंतर त्याला मांडून दाखवला. लॉक फोनचे 60 आणि प्लॅनचे 300, म्हणजे 360 डॉलर. अनलॉकचे 180 आणि प्लॅनचे 150, म्हणजे 330.

पैशांचं एक वेळ सोडा. त्याचं भारताचं सिम जुन्या फोनमध्ये होतं, बँकेच्या ओटीपीसाठी. जानेवारीत तो फोन पडला आणि पुरता गेला. सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं, तर ते चालत नाही असा संदेश. नेमका शैक्षणिक कर्जाचा दुसरा हप्ता सोडवायचा होता आणि ओटीपी याच नंबरवर येणार होता. घरी कुणाला पत्ताच नव्हता, कारण व्हॉट्सॲप वायफायवर व्यवस्थित चालू होतं. रोज व्हिडिओ कॉल होत होता. लॉक असा महिनोन्‌महिने लपून राहतो आणि नेमक्या गरजेच्या दिवशी समोर येतो. शेवटी पुण्याच्या एका मुलाकडे भारतातून नेलेला फोन होता. त्यात सिम घातलं आणि ओटीपी आला. पुढे दर वेळी बँकेचं काम निघालं की पोरगा बस पकडून त्या मित्राकडे जायचा.

सहा महिने झाल्यावर त्याने अनलॉकसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. अट 'सहा महिने पैसे भरून सेवा वापरलेली' अशी होती, आणि डिसेंबरच्या सुटीत वसतिगृहात वायफाय आहे म्हणून याने रिचार्जच केलं नव्हतं. तो महिना धरला गेला नाही. फोन सुटला मार्चमध्ये. हप्त्यावर घेतलेल्या फोनचं याहून कठीण, हप्ते 24 किंवा 36 महिन्यांचे असतात आणि सगळे फिटल्याशिवाय कंपनी सहसा लॉक काढत नाही. इथे बाजारात सिमखाली पातळ चिप लावून फोनला फसवायचा उपाय मिळतो. मी तो करत नाही. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की सिम पुन्हा जातं आणि गिऱ्हाईक परत दारात येतं.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेचा आहे. कॅनडात डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना लॉक फोन विकायला बंदी आहे, जपाननेही ऑक्टोबर 2021 पासून तसाच नियम केला. तिकडे जाणाऱ्यांनी फोन तिथे घेतला तरी लॉकची चिंता नको. जुना, वापरलेला घेताना मात्र बघूनच घ्यावा.

अमेरिकेला जाणाऱ्याने माझ्या मते इथूनच अनलॉक फोन न्यावा, पण डोळे मिटून नव्हे. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये 3जी बंद केलं. आता साधा कॉलसुद्धा 4जी किंवा 5जीवरूनच जातो आणि काही कंपन्या आपल्या यादीतल्याच मॉडेलला तो करू देतात. इथला चांगला फोनही तिथे नेट देतो आणि कॉल देत नाही, असं होऊ शकतं. म्हणून पैसे देण्याआधी खोक्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, तिथल्या ज्या कंपनीचं सिम घ्यायचं तिच्या संकेतस्थळावर घालून बघा. हाताशी फोन असेल तर *#06# दाबलं की तोच नंबर दिसतो. दुकानदार नाही म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा. दुसरं म्हणजे, काही ब्रँडच्या खोक्यावर 'प्रथम इथलंच सिम वापरा' अशा अर्थाची चिठ्ठी असते. असा फोन सीलबंद नेला तर तिथलं सिम घेत नाही. इथेच उघडून आपलं सिम घालावं, पाच-दहा मिनिटं बोलावं आणि मग बॅगेत टाकावा.

तिथेच घ्यायचा झाला तर फोन बनवणाऱ्या कंपनीच्या दुकानातून, पूर्ण किंमत देऊन, अनलॉक म्हणून मागून घ्यावा. आयफोनमध्ये Settings, General, About इथे Carrier Lock समोर No SIM restrictions दिसलं म्हणजे मोकळा. इतर फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं हीच खात्री. अमेरिकेतल्या आयफोनला 2022 च्या 14 मॉडेलपासून सिमची खाचच नाही, त्यामुळे निघण्याआधी इथेच भारताचं सिम बदलून ई-सिम, म्हणजे फोनमध्येच साठवलं जाणारं सिम, करून घ्यावं. ई-सिम आहे म्हणून लॉक टळतो असं मात्र नाही, लॉक फोन आपलं ई-सिमही नाकारतो.

मुलं ऑगस्टमध्ये निघतात आणि फोनची खरेदी जुलैत होते. लेखमालेच्या पुढच्या भागात, जुलैच्या आत, त्या वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग